चिंचोक्यांची ग्रामसभा

जिल्हा परिषदेच्या शाळेत बाल आनंद मेळावा झाला. सहावी-सातवीच्या मुलांनी भेळ विकली, लिंबू सरबत विकलं, परसातली मेथी-कोथिंबीर आणून जुड्या लावल्या. भाजीचा नफा ज्याचा त्याने घरी नेला. भेळेचा गाडा मात्र सगळ्या वर्गाचा होता, आणि वर्षभराची रद्दीही वर्गानेच गोळा करून घातली होती. दोन्ही मिळून २,४०० रुपये जमले. गुरुजींनी ते पाकिटात घालून कपाटात ठेवले आणि फळ्यावर आकडा लिहिला.

एरवी अशा पैशाचं काय करायचं ते शिक्षक ठरवतात, आणि चांगलंच ठरवतात. पण सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा धडा आहे. ग्रामसभा म्हणजे काय, सरपंच कोण, सचिव कोण हे मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. कपाटातल्या पाकिटाची आणि त्या धड्याची गाठ घालून दिली, तर मुलांना ग्रामसभा आतून दिसते. ती कशी घालावी आणि कुठे सुटते, हा या लेखाचा विषय. इथला ३२ मुलांचा वर्ग आणि त्याचे हिशेब नमुन्यादाखल घेतलेले आहेत. ग्रामसभेचे नियम मात्र खरे आहेत.

अभिरूप ग्रामसभा शाळांना नवीन नाही. एखाद्या कार्यक्रमात मुलं फेटे बांधतात, काजळाने मिशा काढतात, एक मुलगी नऊवारी नेसून सरपंच होते. संवाद शिक्षकांनी लिहून दिलेले असतात. 'गावात दारूबंदी झालीच पाहिजे' असा ठराव होतो, टाळ्या पडतात आणि फेटे पेटीत जातात. कोणाचं काही बदलत नाही, कारण काही ठरलेलंच नसतं. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं दिसतात, बोलतात, पण निर्णय त्यांचा नसतो. कधी मोठ्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून वदवलेलं असतं, कधी त्यांना शोभेपुरतं उभं केलेलं असतं, कधी नावापुरतं विचारलेलं असतं. हार्ट या तिन्हींना सहभाग मानतच नाहीत. पाठ केलेल्या संवादांची ग्रामसभा याच पायऱ्यांवर राहते.

खरे पैसे आले की ती वर चढते. रक्कम थोडी असली तरी चालते. उलट ती मागण्यांपेक्षा कमीच असली पाहिजे. सगळ्यांच्या सगळ्या मागण्या पुऱ्या होणार असतील तर सभेची गरजच काय? वाटाघाट सुरू होते ती पैसा अपुरा पडतो म्हणून.

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावांच्या अंगवळणी पडल्या आहेत. नेहमीच्या सभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते. वर्गातही तसंच करायचं. सोमवारी फळ्याशेजारी सूचना लागते: पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीनंतर सभा, विषय एक, मेळाव्याच्या शिलकेचा विनियोग. कोतवालाची भूमिका मिळालेला मुलगा पत्र्याचा डबा वाजवत व्हरांड्यातून दवंडी देतो. मधले सात दिवस रिकामे जाऊ द्यायचे नाहीत. भूमिकेच्या खेळाचं निम्मं काम याच दिवसांत होतं.

पहिल्या दिवशी येणारी सूचना जवळपास ठरलेली: पैसे वाटून घेऊ. २,४०० भागिले ३२, प्रत्येकी ७५ रुपये. गुरुजींना इथे लगेच 'छे, असं नसतं' म्हणावंसं वाटतं. ते म्हणू नये. सूचना वहीत लिहून घ्यावी आणि विचारावं, ७५ रुपयांत एकेकट्याला काय येईल, आणि २,४०० रुपयांत सगळ्यांना मिळून काय येईल? मुलं हा हिशेब फार पटकन करतात. दोन-तीन दिवसांत ती सूचना बहुधा आपणच मागे पडते. नाही पडली तर तीही मताला टाकावी.

मग खऱ्या मागण्या येतात. आपल्या नमुन्याच्या वर्गात आधी तीन आल्या. क्रिकेटचं साहित्य, वाचनकोपऱ्यासाठी गोष्टीची पुस्तकं, आणि पाण्याच्या टाकीचे गळके नळ बदलणं.

चौथी मागणी उघड्या वर्गात आलीच नाही. ती आली मुलींच्या सभेत.

हा टप्पा शाळा हमखास गाळतात, आणि नेमका तोच कायद्यात आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. भरल्या सभेत बायका मागे बसतात, पदर सावरतात आणि बोलत नाहीत, हे पाहूनच ही तरतूद झाली. तिचं कारण वर्गातही तितकंच लागू आहे. या वर्गात १८ मुलगे आणि १४ मुली. मुलींना अर्धा तास वेगळं बसू दिलं, जमल्यास अंगणवाडीताईंना किंवा शिक्षिकेला सोबत बोलावलं, तेव्हा एक जण म्हणाली, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. मैत्रीण आली नसेल त्या दिवशी पाणीच प्यायचं नाही. १४ जणींना हे ठाऊक होतं. १८ जणांपैकी एकालाही नव्हतं, आणि गुरुजींनाही नव्हतं. कडी, कोयंडा, बादली आणि मग ही चौथी मागणी विषयपत्रिकेवर आली.

मागणीला आकडा नसेल तर ती नुसती इच्छा राहते. म्हणून त्या सात दिवसांत प्रत्येक मागणीच्या गटाने दुकानात जाऊन भाव विचारून यायचं, आणि एका नव्हे, दोन दुकानांत. क्रिकेटच्या गटाने बॅट, स्टंप, चेंडू आणि ग्लोव्हज मिळून २,१०० रुपये आणले. पुस्तकांची यादी १,८०० वर गेली. दोन नळ, टेफ्लॉन टेप आणि प्लंबरची मजुरी धरून ९५०. कडी-बादलीचं सामान आणि सुताराचे पैसे मिळून ४५०. बेरीज ५,३०० झाली, पाकिटात २,४००. हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की वर्ग शांत होतो. पुढच्या सभेचं सगळं बळ या वजाबाकीत आहे.

आता भूमिका. इथे एक गोष्ट नीट ठरवून घ्यावी लागते, नाहीतर सगळा खेळ विस्कटतो. मुलांना भूमिकांच्या चिठ्ठ्या मिळतात: सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक (सरकारी भाषेत आता ग्रामपंचायत अधिकारी), सदस्य आणि गावकरी. गावकऱ्यांमध्ये ऊसतोडीवरून परतलेली बाई असते, एक मेंढपाळ असतो, गुडघे दुखणारी आजी असते, हार्डवेअरचा दुकानदार असतो. पण पैसे वर्गाचे आहेत, या काल्पनिक गावाचे नाहीत. दुकानदार झालेल्या मुलाने मत कोणाचं द्यायचं, दुकानदाराचं की स्वतःचं? नियम असा करावा: बोलताना भूमिका, मत देताना आपण. चर्चेत प्रत्येकाने चिठ्ठीवरच्या माणसाची बाजू मांडायची. मतदानाआधी चिठ्ठ्या परत करायच्या आणि सगळ्यांनी आपापल्या जागी येऊन बसायचं.

चिठ्ठ्या वाटताना थोडा विचार हवा. बॅटसाठी सगळ्यात हट्ट धरणाऱ्या मुलाला आजीची भूमिका द्यावी. आजी शाळेच्या टाकीवरून कळशी भरते. गळक्या नळाखाली चिखल होतो, त्यावरून तिचा पाय घसरतो. तो मुलगा दोन दिवस आधी टाकीपाशी जाऊन चिखल बघून येतो आणि सभेत कंबरेवर हात ठेवून बोलतो. बॅट त्याला अजूनही हवीच असते, पण आता दुसरी बाजूही त्याने स्वतः मांडलेली असते. ऊसतोडीच्या बाईच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं की दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्यावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. ही भूमिका घेतलेली मुलगी उभी राहून विचारते, "आमची पोरं निम्मं वर्ष इथं नसत्यात. तुमची पुस्तकं त्यांच्या हाताला कधी लागायची?" मराठवाड्यातल्या कित्येक वर्गांत हा प्रश्न चिठ्ठीवर लिहावाही लागत नाही. तो बाकावर बसलेला असतो.

दुकानदाराची चिठ्ठी मुद्दाम ठेवायची. नळ याच्याच दुकानातून यायचे असतात. तो नळांच्या बाजूने पोटतिडकीने बोलतो आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं. आपलं दुकान असेल तर ते आधी सांगायचं आणि त्या विषयावर आग्रह धरायचा नाही, हा नियम मुलं अशा वेळी स्वतःच काढतात. मोठ्यांनी सांगितलेल्या नियमापेक्षा तो त्यांच्या जास्त दिवस लक्षात राहतो.

सभेच्या दिवशी आधी हजेरीवर सह्या, मग गणपूर्ती. गावाच्या ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. ३२ चे १५ टक्के म्हणजे जेमतेम ५. ५ जणांनी ३२ जणांचे पैसे खर्च करावेत का? मुलांनी हा प्रश्न विचारला तर तिथे थोडं थांबावं. वर्गापुरती गणपूर्ती २० ठरवता येते. आणखी एक बारकावा त्यांना सांगण्यासारखा आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, तर पुढच्या वेळी मूठभरांचा निर्णय साऱ्या गावाचा ठरतो. खऱ्या गावांत अनेक ठराव असेच झालेले असतात.

चर्चेच्या वेळी गुरुजींनी शेवटच्या बाकावर बसावं. त्यांनी फळ्यापाशी उभं राहून नुसती मान डोलावली तरी मतं तिकडे झुकतात. एक गोष्ट मात्र शेवटच्या बाकावरूनही डोळ्यांत तेल घालून पाहावी. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, म्हणून वर्गाची सरपंचही मुलगी असते. पण दहाव्या मिनिटाला उपसरपंच झालेला मुलगा तिच्या वतीने बोलू लागतो. "सरपंचताईंचं म्हणणं असंय की..." मुलांनी हे कोणत्या पुस्तकात वाचलेलं नसतं, आजूबाजूला पाहिलेलं असतं. गुरुजींनी तेवढ्यापुरतं उठून म्हणावं, ताईंचं म्हणणं ताईंनाच सांगू दे. मग परत खाली बसावं.

मग येतं मतदान, आणि इथेच बहुतेक वर्गांची गाडी घसरते. 'हात वर करा' म्हटलं की एका मुलाला एकच हात आणि एकच मागणी. आपल्या वर्गात असं मोजलं तर क्रिकेटला १३, पुस्तकांना ८, नळांना ६ आणि कडीला ५ हात पडतात. क्रिकेट जिंकलं. २,१०० रुपये गेले, ३०० उरले आणि त्यांत दुसरी कुठलीच मागणी बसत नाही. १९ मुलांना क्रिकेट पहिल्या पसंतीचं नव्हतं, पण त्यांची मतं तीन ठिकाणी वाटली गेली. शिवाय हात उघड्यावर वर होतात. शेजारच्याचा हात पाहून आपला जातो, आणि कडीच्या नावाने हात वर करायला तेरा वर्षांची मुलगी कचरते. १४ मुली असून ५ च हात दिसतात, ते यामुळेच.

त्यापेक्षा चिंचोके बरे. कोपऱ्यात चटई किंवा चादर आडवी लावायची आणि तिच्या मागे अरुंद तोंडाची चार मडकी मांडायची. प्रत्येकावर मागणीचं चित्र चिकटवायचं. शेवटी पाचवं कोरं मडकं. प्रत्येक मुलाला तीन चिंचोके द्यायचे. जी जी मागणी पटते तिच्या मडक्यात एकेक टाकायचा, एका मडक्यात दोन नाहीत. उरलेला चिंचोका खिशात न घालता कोऱ्या मडक्यात टाकायचा. एकेक मूल चादरीमागे जातं, चिंचोके टणटण वाजतात, आणि बाहेर बसलेल्यांना आवाजावरून काहीच कळत नाही, कारण प्रत्येकाचे तीनच वाजतात.

मोजणी सगळ्यांसमोर, जमिनीवर दहादहाचे ढीग लावून. क्रिकेट १५, पुस्तकं १७, नळ २७, कडी २२, कोरं मडकं १५. बेरीज ९६. ३२ गुणिले ३ बरोबर ९६, म्हणजे हिशेब जुळला. ९७ भरले असते तर कोणीतरी घरून चिंचोका आणला होता. ९५ भरले असते तर एक खिशात राहिला होता. एका मडक्यात ३२ पेक्षा जास्त निघाले असते तर कोणी नियम मोडला होता. अशा वेळी मतदान पुन्हा घ्यायचं, चोर शोधत बसायचं नाही.

मुलं तीच, मागण्या त्याच, पैसेही तेवढेच. हातांच्या मोजणीत पहिलं आलेलं क्रिकेट इथे शेवटचं आलं आणि शेवटची असलेली कडी दुसरी आली. आवडणाऱ्या गोष्टी मुलांच्या बदलल्या नाहीत, विचारायचा प्रश्न बदलला. 'तुला सगळ्यात जास्त काय आवडतं' याचं उत्तर एक आणि 'काय काय झालेलं तुला चालेल' याचं उत्तर दुसरं. सामाईक पैशासाठी दुसरा प्रश्न अधिक न्याय्य आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. पण वर्गाने दोन्ही रीतींनी मोजून पाहावं आणि कोणती वापरायची हे पुढच्या वर्षी मतदानाच्या आधी ठरवावं. निकाल पाहून रीत निवडणं ही लबाडी आहे, आणि ती मुलांनाही चटकन कळते.

मडकं आणि मूल यांची सांगड भारतात जुनी आहे. तमिळनाडूत उत्तिरमेरूर इथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इ. स. ९२० च्या आसपासचे शिलालेख आहेत. गावच्या सभेचे सदस्य कसे निवडायचे हे त्यांत तपशिलाने कोरलेलं आहे. पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि आत काय आहे हे न कळणाऱ्या लहान मुलाकडून एक चिठ्ठी काढवायची. ती सभा जमीन असलेल्या ब्राह्मण पुरुषांची होती, तेव्हा तिला आजच्या अर्थाने गावाची सभा म्हणता येत नाही. पण त्या शिलालेखांत एक अट आहे, ती आजही घेण्यासारखी आहे. आधी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात जात नसे, आणि त्याच्या जवळच्या नातलगांचंही नाही.

आपल्या वर्गाकडे वळू. नळ ९५० आणि कडी ४५०, मिळून १,४००. उरले १,०००. तिसरी आलेली पुस्तकं १,८०० ची, ती मावत नाहीत. इथे मुलं काही क्षण अडतात आणि मग कोणीतरी म्हणतं, सगळी यादी कशाला, निम्मी घेऊ. नळ अर्धा बसवता येत नाही, पुस्तकं अर्धी घेता येतात. ९०० रुपयांची पुस्तकं आणि तालुक्याला जाण्या-येण्याच्या भाड्यासाठी १०० रुपये. भाडं चारही गटांनी धरलेलं नव्हतं. पहिल्या अंदाजपत्रकात वाहतूक विसरणं ही मोठ्यांचीही सवय आहे.

ग्रामसेवक झालेली मुलगी इतिवृत्त लिहिते. त्याची भाषा ठरलेली आहे आणि ती तशीच शिकवावी: 'ठराव क्रमांक १. विषय: पाण्याच्या टाकीचे नळ बदलणे. चर्चेअंती असे ठरले की, वर्गाच्या शिलकेतून रुपये ९५० पर्यंत खर्च करण्यात यावा. सूचक, अनुमोदक, ठराव बहुमताने मंजूर.' इथे 'बहुमताने' हा शब्द महत्त्वाचा आहे. सवयीने 'सर्वानुमते' लिहिलं जातं. पाच जणांनी नळाच्या मडक्यात चिंचोका टाकलेला नाही, मग सर्वानुमते कसं? शेवटच्या ओळीखाली पानावर जागा उरली तर तिच्यावर आडवी रेघ मारून सरपंचाने सही करायची. कोऱ्या जागेत मागाहून ओळ घुसवता येते. ग्रामसभांच्या वह्यांची भांडणं पुष्कळदा अशाच ओळींवरून होतात.

बहुतेक शाळांत खेळ इथे संपतो. तो इथे संपू नये. दुसरी सभा महिनाभराने घ्यावी. तिच्यात पहिला विषय खऱ्या सभेतला असतो तोच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि दुसरा जमाखर्च. पावत्या एका दोऱ्यात ओवून खजिनदार उभा राहतो. नळांना १,०२० लागले, कारण जुना पाइप सडलेला निघाला आणि एक जोड जास्त घ्यावा लागला. कडी-बादली ४३० मध्ये झाली. पुस्तकं ९०० ची, भाडं ६०. एकूण २,४१०. जवळ होते २,४००. दहा रुपये खजिनदाराने आपल्या खिशातून घातले.

अशा वेळी गुरुजींचा हात आपसूक खिशाकडे जातो. दहा रुपये ती काय रक्कम! पण तो हात आवरावा. वर्गाला काही प्रश्न सोडवायचे आहेत. ठराव ९५० 'पर्यंत' असा होता, मग वरचे ७० कोणाच्या परवानगीने खर्च झाले? पाइप सडलेला आहे हे कळल्यावर परत विचारायला यायला हवं होतं का, की प्लंबर समोर उभा असताना निर्णय घेणं बरोबर होतं? आणि खजिनदाराचे दहा रुपये त्याला कशातून द्यायचे? एका तासात वर्ग वाढीव खर्चाला मंजुरी देतो किंवा नाकारतो, आणि दोन्हींची कारणं वहीत लिहिली जातात. सरकारी खर्च अंदाजापेक्षा जास्त का होतो हे नागरिकशास्त्राच्या धड्यातून कळत नाही. ते या दहा रुपयांतून कळतं.

मुलांच्या हाती खरा निर्णय देण्याचे प्रयोग वर्गाबाहेरही झाले आहेत. ब्राझीलमधल्या बारा मान्सा शहराने नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुलांची अंदाजपत्रक परिषद नेमली. तीत १८ मुलगे आणि १८ मुली निवडून येत, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातला एक हिस्सा कशावर खर्च व्हावा हे ती ठरवत असे. त्याहून आपल्या जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या कुंदापूर तालुक्यातलं. केराडी इथे १९९५ मध्ये 'मक्कळ पंचायत', म्हणजे मुलांची पंचायत सुरू झाली. 'द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' ही संस्था आणि 'भीमा संघ' ही कामकरी मुलांची संघटना यांनी ती उभी केली. शाळेत जाणारी आणि कामाला जाणारी, दोन्ही प्रकारची मुलं तीत होती. पावसाळ्यात ओढ्यांवरचे साकव लहान मुलांना किती धोक्याचे असतात, हे तिथल्या मुलांनी मोठ्यांपुढे मांडलं. मोठी माणसं तेच साकव रोज ओलांडत होती, पण त्यांच्या पायांची लांबी वेगळी. पुढे कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा भरवायला सांगितलं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजच्या रात्रशाळांमधली मुलं आपली संसद निवडतात. ही मुलं दिवसा गुरं राखतात आणि रात्री शिकतात. शाळा नीट चालते की नाही यावर त्यांची संसद लक्ष ठेवते.

साकव आणि कडी या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. त्या मुलांनाच माहीत असतात, आणि कोणी विचारल्याशिवाय मुलं सांगत नाहीत. मात्र केराडीच्या मुलांनी साकव आपल्या खाऊच्या पैशांतून दुरुस्त केले नाहीत. त्यांनी ते पंचायतीपुढे मांडले. इथे आपल्या वर्गातल्या निर्णयाची एक मोठी उणीव दिसते, आणि ती मुलांसमोर उघड बोलली पाहिजे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला काय असलंच पाहिजे ते दिलेलं आहे. मुलांसाठी सुरक्षित पिण्याचं पाणी आणि मुलगे-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं त्यात आहेत. म्हणजे चालू नळ हा मुलांचा हक्क आहे. मग भेळ विकून मिळवलेले १,०२० रुपये त्यावर का जावेत? चर्चेच्या वेळी ग्रामसेवकाच्या चिठ्ठीवर ही तरतूद लिहिलेली असेल तर वर्गाला दोन वेगळे रकाने करता येतात: आपण करायचं आणि मागायचं. कडी आजच्या आज हवी, ती आपल्या पैशातून बसवून टाकावी. नळ मागावेत. तसं केलं असतं तर पाकिटात १,९५० रुपये राहिले असते आणि पुस्तकांची पूर्ण यादी आली असती. हे गणित दुसऱ्या सभेत फळ्यावर मांडावं. झालेला निर्णय चुकीचा होता असं म्हणायला मुलं तयार असतात. त्यांना फक्त तसं म्हणण्याची सभा मिळाली पाहिजे.

मागायचं कुठे, हेही ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. गावाच्या विकास आराखड्यासाठी केंद्राने ठरवलेल्या नऊ विषयांत 'बालस्नेही गाव' हा एक विषय आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना ग्रामसभेत मत नाही, पण त्यांचा अर्ज त्यांच्या आया आणि वडील सभेत मांडू शकतात, आणि शाळा व्यवस्थापन समितीही मांडू शकते. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं बोलणं २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. वर्गाच्या ठरावाची प्रत, नळांची आणि सडक्या पाइपची पावती जोडून, त्याच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत द्यावी आणि पोच घ्यावी.